शेवटच्या मुखड्यातली व्हायोलिनची ओळ

गाण्याचा मुखडा शेवटच्या वेळी येतो तेव्हा ऐकणाऱ्याला त्यात नवे काही उरलेले नसते. शब्द पाठ झालेले असतात, चाल पुढे कुठे वळणार हे कानाला आधीच ठाऊक असते. संगीत संयोजक म्हणजे अरेंजर नेमक्या याच जागी व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांना एक दुसरी चाल देतो. गायकाची मूळ चाल जशीच्या तशी चालू राहते आणि तिच्या वरून, खालून, कडेने ही दुसरी चाल वाहत जाते. तिला काउंटर मेलडी म्हणतात. मुंबईच्या स्टुडिओत ती नुसती ‘काउंटर’ असते, आणि जुन्या वादकांच्या तोंडी ‘ऑब्लिगेटो’.

तंतुवाद्ये गाण्यात आणखीही कामे करतात, आणि काउंटर त्यांपेक्षा वेगळी असते. दोन ओळींमधली रिकामी जागा भरणारे चार-पाच स्वर म्हणजे फिलर. गायक थांबला की फिलर सुरू होतो आणि गायक आला की संपतो. मागे लांबवलेल्या सुरांनी कॉर्ड धरून ठेवणे म्हणजे पॅड. पॅडला स्वतःची चाल नसते. काउंटर मात्र गायकाच्या बरोबरीने, त्याच क्षणी वाजते, आणि गायकाचा आवाज बंद करून ऐकली तरी तिला सुरुवात, चढ, उतार आणि शेवट असतो. दोन्ही चाली आपापल्या पायांवर उभ्या असणे आणि तरीही एकीने दुसरीची वाट न अडवणे, एवढीच या लेखनाची अट आहे. अवघड आहे ते तिचा दुसरा भाग पाळणे.

ही ओळ शेवटच्या मुखड्यासाठी राखून ठेवण्यामागे कारण आहे. माणसाचा कान दोन चाली एकाच वेळी ऐकू शकतो, पण त्यांतली एक आधीपासून परिचित असेल तर. पहिल्याच मुखड्यात भरगच्च काउंटर टाकली तर श्रोत्याला शब्द समजून घ्यायचे असतात, चाल मनात बसवायची असते आणि वर व्हायोलिनचाही माग ठेवायचा असतो. यांतले काहीतरी निसटते, आणि बहुतेक वेळा शब्दच निसटतात. शेवटच्या मुखड्यात शब्द आणि चाल सांभाळायचे ओझे कानावर नसते, त्यामुळे नवी ओळ ऐकायला तो मोकळा असतो. बीटल्सच्या ‘एलिनॉर रिग्बी’ या १९६६ सालच्या गाण्यात हीच युक्ती आवाजांनी साधली आहे. गाण्याच्या सुरुवातीला आलेली एक ओळ शेवटच्या ध्रुवपदावर चढवली आहे. या गाण्याला साथ आहे ती चार व्हायोलिन, दोन व्हिओला आणि दोन चेलो अशा आठ तंतुवाद्यांची. त्यांचे संयोजन जॉर्ज मार्टिन यांचे होते. त्यांनीच आदल्या वर्षी ‘येस्टरडे’ला चार तंतुवाद्यांची साथ लिहिली होती.

मुंबईत ही कला रुजली ती मोठ्या प्रमाणावर गोव्यातून आलेल्या वादकांमुळे. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथून आलेल्या वादकांना एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी वाजवण्याचा सराव होता. एकट्या चालीभोवती वाढलेल्या आपल्या संगीतात अशा लेखनाची परंपरा नव्हती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजन करणारे सेबास्टियन डिसूझा या वादकांमध्ये काउंटरसाठी विशेष नावाजलेले होते. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि संयोजक तर होतेच, पण लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरूही होते. सलील चौधरी यांची गाणी काउंटर वेगळी काढून ऐकण्याजोगी आहेत. त्यांच्याकडे ती बहुधा मागाहून चिकटवलेली वाटत नाही, चालीबरोबरच सुचलेली वाटते.

काउंटर लिहायला बसल्यावर स्वरांचा विचार लगेच करायचा नसतो. आधी कागदावर गायकाची ओळ मात्रांसकट उतरवून घ्यायची आणि तिच्यात दोन प्रकारच्या जागा शोधायच्या. गायक भराभर शब्द उच्चारतो आहे अशा जागा, आणि तो एखादा स्वर लांबवतो आहे किंवा श्वास घेतो आहे अशा जागा. पहिल्या प्रकारच्या जागी तंतुवाद्यांनी स्थिर राहायचे, दुसऱ्या प्रकारच्या जागी हलायचे. स्वरांची निवड कितीही सुंदर असली तरी हालचालीचा हा हिशेब चुकला की ओळ फसते. कारण शब्द ओळखू येतात ते व्यंजनांवरून. व्यंजने क्षणभरच वाजतात, आणि त्याच क्षणी व्हायोलिनचा नवा स्वर सुरू झाला तर ती झाकली जातात. लांबवलेल्या स्वरात मात्र उरतो तो फक्त ‘आ’ किंवा ‘ई’सारखा स्वरवर्ण, आणि त्याला झाकणे कठीण असते.

एक नमुना घेऊन हे तपासता येते. पांढरी दोनच्या, म्हणजे डीच्या षड्जावर गाणारी गायिका, शुद्ध स्वरांची साधी चाल, चार-चार मात्रांचे आठ खंड. लय मिनिटाला ७६ मात्रांची, म्हणजे सगळा मुखडा सुमारे २५ सेकंदांचा. पहिल्या चार खंडांत कॉर्ड अनुक्रमे डी मेजर, ए मेजर, बी मायनर आणि जी मेजर. खाली आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर चालू, शून्य म्हणजे विश्रांती. डोक्यावर टिंब असलेले स्वर तार सप्तकातले, पायाशी टिंब असलेले मंद्रातले.

गायिका: | ग ग म प | प – – ० | ध ध प ग | म – – ० |
व्हायोलिन: | सां – – – | नि सां रें मं | गं – – रें | सां रें सां ध |

पहिल्या खंडात गायिका दर मात्रेला एक अक्षर घेऊन वर चढते. त्या वेळी व्हायोलिन फक्त तार षड्ज धरून आहे. दुसऱ्या खंडात गायिका पंचमावर थांबली की व्हायोलिन निघते आणि निषादापासून चढत तार मध्यमापर्यंत जाते. हा मध्यम चौथ्या मात्रेवर येतो, म्हणजे गायिका श्वास घेते त्याच मात्रेवर. ए मेजरच्या कॉर्डमध्ये हा स्वर नाही. तो वाजताच कॉर्डला ओढ लागते आणि तो खाली गंधारावर येऊन शांत होतो. तो गंधारावर उतरतो त्याच क्षणी गायिका पंचमावरून चढून धैवत घेते. एक चाल वर जाताना दुसरी खाली येते आणि दोघी एकमेकींपासून स्वतंत्र ऐकू येतात. सबंध मुखड्यात कानाला सर्वांत सुखद वाटणारी जागा बहुधा हीच ठरेल.

तिसऱ्या खंडाच्या शेवटी एक धोका दडलेला आहे. तिथे गायिका गंधारावरून चौथ्या खंडातल्या मध्यमावर जाते. व्हायोलिनही तार गंधारावर आहे. तिने तोच रस्ता धरून तार मध्यम घेतला, तर एका सप्तकाच्या अंतराने दोघी एकच गोष्ट म्हणू लागतील. स्वर चुकीचा नसतो, बेसूरही लागत नाही, पण एवढ्या क्षणापुरती दुसरी चाल नाहीशी होते आणि तिच्या जागी गायिकेच्या आवाजाला आलेली एक चकाकी तेवढी उरते. पाश्चात्त्य संगीतात याला समांतर अष्टक म्हणतात आणि विद्यार्थ्यांना ते टाळायला शिकवतात. गाण्याच्या संयोजनात ते मुद्दामही वापरतात, पण काउंटरच्या मधोमध नकळत आले तर ओळ तिथे पंक्चर होते. म्हणून नमुन्यात चौथ्या मात्रेवर व्हायोलिन ऋषभावर सरकते आणि गायिका मध्यमावर चढत असताना आपण षड्जावर उतरते.

पुढच्या चार खंडांत कॉर्ड आहेत डी मेजर, ए मेजर, मग एकाच खंडात दोन-दोन मात्रा जी आणि ए, आणि शेवटी पुन्हा डी.

गायिका: | ग ग म प | नि – – ० | ध ध प रे | सा – – – |
चेलो: | प़ – – ग़ | रे़ ग़ म़ प़ |
व्हायोलिन: सातव्या खंडापासून | सां – – नि | सां रें गं पं |

पाचव्या खंडात चाल पुन्हा चढू लागते आणि सहाव्यात निषादाला पोहोचते. मुखड्यातला हा सर्वांत उंच स्वर आहे. चौथ्या खंडाच्या शेवटी व्हायोलिन मध्य धैवतावर उतरलेली आहे. ती तशीच पुढे गेली तर गायिका जिथे चढते आहे त्याच पट्टीत दोघींची गर्दी होईल. म्हणून ओळ चेलोकडे जाते. व्हायोलिनच्या धैवतानंतर चेलोने मंद्र पंचम घेतला की उतार तुटत नाही, फक्त एक सप्तक खाली चालू राहतो. गायिका निषाद लांबवते तेव्हा चेलो तिच्या खाली ऋषभापासून पंचमापर्यंत पायरी-पायरीने चढतो. चेलोचा आवाज या पट्टीत भरीव असतो आणि स्त्रीच्या आवाजापासून पुरेसा दूर असतो, म्हणून त्याला तिथे जोर लावावा लागत नाही. गाणारा पुरुष असता तर हा हिशेब उलटला असता. पुरुषाचा आवाज चेलोच्याच पट्टीत फिरतो, आणि मग वर जाणेच सुरक्षित असते.

सातव्या खंडात व्हायोलिन परत येते आणि तार षड्ज धरते. पहिल्या दोन मात्रांत हा स्वर जी मेजरच्या कॉर्डमधलाच आहे. तिसऱ्या मात्रेला खाली कॉर्ड बदलून ए मेजर होते, पण षड्ज तसाच राहतो आणि एक मात्रा अडून मग निषादावर उतरतो. अडून राहिलेला हा स्वर कानाला टोचतो आणि लगेच सुटतो. मग गायिका ऋषभावरून षड्जावर उतरते आणि व्हायोलिन निषादावरून तार षड्जावर चढते, दोघी समोरासमोरच्या दिशांनी एकाच नावाच्या स्वरावर येतात. गाणे तिथे संपल्यासारखे वाटते, पण गायिकेचा षड्ज अजून चार मात्रा चालू आहे. त्या चार मात्रांत व्हायोलिन तार पंचमापर्यंत जाते. काउंटरमधला सर्वांत उंच स्वर हाच. दोन्ही चालींचे शिखर वेगवेगळ्या जागी ठेवायचे असते. गायिकेचे सहाव्या खंडात आले, व्हायोलिनचे आठव्यात. दोन्ही एकाच क्षणी आली असती तर आवाज मोठा झाला असता, पण ऐकणाऱ्याला दोन शिखरांऐवजी एकच मिळाले असते.

कागदावर ओळ झाली की तिची पहिली परीक्षा सोपी आहे. कॉर्ड, तबला, ड्रम, बेस सगळे बंद करून फक्त गायकाची ओळ आणि काउंटर एकत्र वाजवायच्या. नुसत्या दोन ओळींतून कॉर्ड ओळखू येत असतील आणि कुठे पोकळी जाणवत नसेल तर लेखन पक्के आहे. दुसरी परीक्षा म्हणजे काउंटर स्वतः गुणगुणून पाहणे. जी ओळ संयोजकाला श्वास घेत घेत गाता येत नाही, ती कॉर्डमधल्या सुट्या स्वरांची माळ असण्याची शक्यता जास्त. व्हायोलिनला श्वास लागत नाही म्हणून तिची ओळ अखंड लांबवण्याचा मोह होतो, पण ऐकणाऱ्याला मात्र तिच्यातही वाक्ये हवी असतात.

ओळ कोणी किती जणांनी वाजवायची, यावर बरेच अवलंबून असते. पहिली आणि दुसरी व्हायोलिन एका सप्तकाच्या अंतराने वाजवली की आवाज श्रीमंत होतो, असे नवखे संयोजक धरून चालतात. या नमुन्यात ते घातक ठरेल. खालच्या सप्तकातली ओळ गायिकेच्या अगदी आवाजात शिरते, आणि तिसऱ्या खंडात तर मध्य गंधार धरून बसते, जिथे गायिका स्वतः त्याच खंडाच्या शेवटी येऊन पोहोचते. त्यापेक्षा सगळ्या व्हायोलिननी एकाच पट्टीत एकच ओळ वाजवावी. वादक थोडेच असतील तर एका ओळीवर दोन जण ठेवण्यापेक्षा एक किंवा तीन ठेवणे बरे. दोघांच्या सुरातला किंचित फरक उघडा पडतो आणि आवाजात लहर उठते. तिसरा आला की ती लहर पसरून जाते आणि तीन वाद्यांचा आवाज समूहाचा वाटू लागतो.

वादकाच्या कागदावर स्वरांइतक्याच महत्त्वाच्या असतात त्या गजाच्या आणि जोराच्या खुणा. दुसऱ्या खंडातले चार स्वर एकाच गजात बांधले तर ते वाहतात. प्रत्येक स्वराला गज बदलला तर चार धक्के ऐकू येतात, आणि ते तालवाद्यांशी भांडतात. ओळीचा आरंभ हळू असावा. गायिका शब्द म्हणत असताना आवाज दबलेला, ती स्वर लांबवू लागली की हळूहळू उघडणारा, आणि ती पुन्हा आली की परत दबणारा. ही चढ-उताराची खूण लिहिलेली नसली की वादक सगळी ओळ सारख्याच जोराने वाजवतात. मग ध्वनिमुद्रकाला मिश्रणाच्या वेळी व्हायोलिनचा आवाज एकंदरीत कमी करावा लागतो, आणि जिथे ती ऐकू यायला हवी तिथेही ती हरवते. शब्दांची स्पष्टता ज्या उंच कंपनांवर अवलंबून असते, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, तिथेच व्हायोलिनची धारही असते. म्हणून ध्वनिमुद्रक तंतुवाद्यांचा तेवढा पट्टा थोडा दाबतो आणि त्यांना डाव्या-उजव्या बाजूला पसरून मधली जागा आवाजाला ठेवतो. हे उपाय चांगल्या लेखनाला उजळतात, पण चुकीच्या जागी हलणाऱ्या ओळीला वाचवत नाहीत. तयार झालेले गाणे अगदी हळू आवाजात, शब्द ठाऊक नसलेल्या माणसाला ऐकवावे. त्याला शेवटच्या मुखड्यातला एखादा शब्द सांगता आला नाही, तर त्या जागी व्हायोलिन काय करते आहे ते पाहायचे. दोष बहुधा तिथेच सापडतो.

आपल्या गाण्यांत आणखी एक अडचण असते. ती पाश्चात्त्य पुस्तकांत फारशी भेटत नाही. शेवटचा मुखडा गायक सहसा आधीसारखा गात नाही. लांबवायच्या स्वरावर हरकत घेतो, मुरकी टाकतो, एखादी ओळ मागे ओढून म्हणतो. काउंटर तर नेमकी त्या लांबवलेल्या स्वराच्याच भरवशावर लिहिलेली असते. दुसऱ्या खंडातल्या पंचमावर गायिकेने पंचम-धैवत-निषाद-धैवत अशी हरकत घेतली तर व्हायोलिनचा निषाद-षड्ज-ऋषभ तिच्यावर आदळतो, आणि दोन्ही नुसते गोंधळल्यासारखे वाटतात. म्हणून गायनाचा अंतिम टेक पक्का झाल्यावर, त्यातली प्रत्येक हरकत लिहून घेऊन मग काउंटर लिहिणे हा सर्वांत भरवशाचा क्रम. तसे शक्य नसेल तर गायकाशी आधीच ठरवावे लागते की कोणता खंड त्याचा आणि कोणता व्हायोलिनचा. दोघांनाही एकच रिकामी जागा हवी असेल तर ती गायकाला द्यावी. गाणे त्याचे आहे, आणि व्हायोलिनला तिथे षड्ज धरून उभे राहणे मुळीच कमीपणाचे नाही.

चाल एखाद्या रागात बांधलेली असेल तर स्वरनिवडीचे स्वातंत्र्य आणखी आक्रसते. वरच्या नमुन्यातली चाल भूप रागात, म्हणजे फक्त सा, रे, ग, प, ध या स्वरांत असती, तर दुसऱ्या खंडातला तार मध्यम आणि सातव्या खंडातला निषाद दोन्ही रागाबाहेरचे ठरले असते. कॉर्डच्या दृष्टीने ते बरोबरच आहेत, पण भूप ऐकत असलेल्या कानाला मध्यम लागताच राग बदलल्याचा भास होतो. अशा वेळी मध्यमाच्या जागी तार गंधारच घेऊन पुढच्या खंडात तो तसाच धरून ठेवता येतो. चढ टिकतो, ओढ जरा कमी होते. सातव्या खंडात निषादाऐवजी षड्जावरच थांबायचे आणि त्याला खालची कॉर्ड टोचू नये म्हणून तिसऱ्या मात्रेपासून ए मेजरमधला तिसरा स्वर, म्हणजे हाच निषाद, कोणत्याच वाद्याला द्यायचा नाही. उरतात मूळ स्वर आणि पंचम. त्यांवर षड्ज नुसता टेकल्यासारखा वाटतो, आणि आठव्या खंडातला चढ सा, रे, ग, प या भूपाच्याच स्वरांतून असल्यामुळे त्याला हात लावावा लागत नाही.